तृतीयेच्या दोन दिवस आधी थांबलेली जाहिरात

रत्नागिरीतला एखादा बागायतदार पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पाठवतो. वाशीच्या दलालाऐवजी त्याची भिस्त गूगल आणि फेसबुकच्या जाहिरातींवर असते. अक्षय्य तृतीयेच्या आधीचे दहा दिवस त्याच्या कमाईचे. समजा, तो गूगलच्या जाहिरात खात्यात आगाऊ दहा हजार रुपये भरतो आणि रोजचा खर्च हजार रुपये ठरवतो. हिशेब सरळ दिसतो. प्रत्यक्षात नवव्या दिवशी दुपारी जाहिरात बंद पडते, आणि तृतीयेला अजून दोन दिवस असतात.

पैसे कुठे गेले? भरलेल्या रकमेतच अठरा टक्के जीएसटी धरलेला असतो. दहा हजाराला १.१८ ने भागलं की ८,४७४ रुपये ५८ पैसे येतात. जाहिरातीला तेवढेच मिळतात, उरलेले १,५२५ रुपये ४२ पैसे कर म्हणून जातात. जाहिरातीला पूर्ण दहा हजार हवे असतील तर ११,८०० भरायला हवेत. त्यात आणखी एक मेख आहे. गूगलचा ‘रोजचा’ खर्च हा सरासरीचा असतो. मागणी जास्त असलेल्या दिवशी तो दुपटीपर्यंत जाऊ शकतो, सांभाळली जाते ती महिन्याची मर्यादा. सणाच्या आठवड्यात मागणी चढतीच असते, त्यामुळे पैसे नवव्या दिवसाच्याही आधी संपू शकतात. शिल्लक तीन दिवसांच्या खर्चाइतकी उरली की भर घालावी, तीही यूपीआयने, कारण बँकेतून वळती केलेली रक्कम खात्यात दिसायला वेळ लागू शकतो.

आता बिलाकडे. पैसे भरल्यावर येणारी पावती आणि कराचं बिल ही दोन वेगळी कागदपत्रं आहेत. सीएकडे बहुतेकदा पहिलीच पोचते. बिलात आधी पुरवठादाराचं नाव पाहावं. खातं भारतातलं आणि रुपयातलं असेल तर तिथे सहसा गूगलची किंवा फेसबुकची भारतीय कंपनी असते. त्यांची बिलं गुरुग्रामहून निघतात, म्हणून त्यांचा जीएसटी क्रमांक हरियाणाच्या ०६ ने सुरू होतो. आपला महाराष्ट्राचा २७ ने. राज्यं दोन, म्हणून बिलात अठरा टक्के आयजीएसटी एकरकमी दिसतो, नऊ-नऊचे दोन तुकडे नाहीत. खातं उघडताना चलन डॉलर निवडलं गेलं असेल तर गूगलमध्ये ते नंतर बदलता येत नाही, नवं खातंच काढावं लागतं.

हा कर परत मिळतो का, हा खरा प्रश्न, आणि इथे आंबेवाल्याचं गणित कापडवाल्यापेक्षा वेगळं पडतं. ताजा आंबा जीएसटीमुक्त आहे. करमुक्त माल विकण्यासाठी केलेल्या खर्चावरच्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे फक्त ताजा हापूस विकणाऱ्याने ते अठरा टक्के पेटीच्या किमतीतच धरावेत. त्याला नोंदणीचीही सक्ती नसते. पल्प विकणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या मालावर कर लागतो, म्हणून नोंदणी असल्यास पल्पच्या जाहिरातीवरच्या कराची वजावट त्याला घेता येते. दोन्ही विकणाऱ्याने पल्पची मोहीम वेगळी ठेवलेली बरी, नाहीतर विक्रीच्या प्रमाणात वाटणी करत बसावं लागतं. वजावटीसाठी आपला जीएसटी क्रमांक जाहिरात खात्यात आधीच भरलेला हवा. तो असेल तरच बिल आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरतं.

आगाऊ भरण्याऐवजी कार्ड जोडलं, की आधी जाहिरात आणि मग वसुली. खर्च ठरावीक उंबरठ्याला पोचला किंवा महिना संपला की रक्कम कापली जाते. वेळेवर पैसे मिळत गेले की कंपनी हा उंबरठा वाढवते. ऐकायला बरं वाटतं, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप होणारी अशी वसुली ओटीपीशिवाय १५,००० रुपयांपर्यंतच चालते. २०२१ मध्ये नियम आला तेव्हा मर्यादा पाच हजार होती, जून २०२२ मध्ये ती वाढली. उंबरठा पंधरा हजारांवर गेला, की कार्डात पैसे असूनही वसुली नाकारली जाऊ शकते. बाग फिरणाऱ्या माणसाला ते कळतं फोन वाजायचा थांबल्यावर. म्हणून सीझनमध्ये बिलाच्या पानावर उंबरठ्याचा आकडा बघत राहावं, आणि तो चढू लागला की पंधरा हजार व्हायच्या आत स्वतःच ओटीपी देऊन रक्कम भरून टाकावी. दुसरं कार्ड राखीव म्हणून जोडता येतं. ते दुसऱ्या बँकेचं असावं.

जूनमध्ये पाऊस लागला की मोहीम बंद होते, पण शेवटच्या दिवसांचा खर्च उंबरठ्याखाली राहिलेला असतो आणि तो पुढच्या महिन्यात कापला जातो. तोवर कार्ड बदललं असेल तर काही रुपयांची थकबाकी राहते, आणि पुढच्या फेब्रुवारीत पहिल्या पेटीची जाहिरात टाकायला गेल्यावर खातं अडलेलं सापडतं. जुलैमध्ये एकदा खातं उघडून बाकी शून्य आहे ना, तेवढं पाहावं.