मनाची तटबंदी – भाग ६ : राग एक, वाटा चार

जॉर्ज व्हेलंट या मनोविकारतज्ज्ञाच्या हाती १९६०च्या दशकात एक जुनी अभ्यासमालिका आली. हार्वर्डच्या २६८ विद्यार्थ्यांची निरीक्षणं १९३८पासून नोंदवायला सुरुवात झाली होती आणि ती पुढे आयुष्यभर चालू राहिली. अडचणीच्या काळात कोण कसं वागलं, याचे प्रसंग व्हेलंटने त्या कागदांमधून वेचले. त्या माणसाचं पुढे काय झालं हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांनी त्या प्रसंगांतली संरक्षण यंत्रणा ओळखायची होती. १९७७ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात या यंत्रणांची चार पायऱ्यांची उतरंड आहे. वास्तवच नाकारणं सगळ्यात खालच्या पायरीवर, प्रतिक्रिया निर्मिती वरून दुसऱ्या, तर उदात्तीकरण आणि विनोद सगळ्यात वर.

ही उतरंड सभ्यतेची नाही. खरी गोष्ट आणि तिच्याबद्दलची खरी भावना यांपैकी किती भाग माणसाच्या नजरेसमोर राहतो, हे तिथे पाहायचं असतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वडिलांचं दहा वर्षांचं आजारपण थोरल्याने काढलं. मृत्युपत्र उघडलं तेव्हा कळलं, राहतं घर परदेशातल्या धाकट्याच्या नावावर आहे. राग वडिलांवर आहे, पण ते आता नाहीत. तो भावावर काढावा, तर त्या बिचाऱ्याने काही मागितलंच नव्हतं.

आता हा थोरला महिनाभराने रंगाऱ्याला बोलावून ‘आपल्या’ घराचा अंदाज काढायला सांगतो, मृत्युपत्राचा विषय निघाला की कोऱ्या चेहऱ्याने उठून जातो, असं समजा. हे नाकारणं. इथे घटनाच गायब झाली आहे.

प्रतिक्रिया निर्मितीत घटना शिल्लक असते, भावना मात्र उलटी होते. थोरला भावाचं कौतुक करताना थकत नाही. पहाटे तीनला त्याला आणायला विमानतळावर जायचा हट्ट धरतो. बायको म्हणते, “अहो, टॅक्सीने येतील की भावोजी,” तर तिच्यावरच खेकसतो. इतकं सगळं करून विमानाची वेळ नेमकी चुकीची लिहून घेतो आणि भाऊ दोन तास ताटकळतो. खरं प्रेमही पहाटे उठतंच, त्यामुळे नुसत्या कृतीवरून काही ठरवता येत नाही. पण खऱ्या प्रेमाला एखाद्या दिवशी कंटाळा करता येतो, कुणी भावाची थट्टा केली तर हसता येतं. इथे ती मुभाच नसते. अतिरेक, ताठरपणा आणि मधूनच होणारी गळती या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या, तर शंका घ्यायला जागा आहे.

हाच माणूस हौशी रंगभूमीवरचा असेल तर? तो एकांकिका लिहायला बसतो. वाड्याच्या वाटणीवर दोन भाऊ भांडतात आणि भिंतीवरच्या तसबिरीला थोरला जे सुनावतो, ते ऐकून प्रेक्षागृह चिडीचूप होतं. राग इथे दाबलेला नाही, उलटा केलेला नाही. थोडा सौम्य होऊन, वेशांतर करून तो बाहेर पडला आणि लिहिणाऱ्याला त्यातून सुख मिळालं. उदात्तीकरणात हे सुख फार महत्त्वाचं, कारण प्रतिक्रिया निर्मितीत नेमकं तेच नसतं. तिथे नुसती दमणूक असते. मात्र याची चिठ्ठी कुणी लिहून देऊ शकत नाही. ‘राग आला ना, मग नाटक लिही’ असा सल्ला दिल्याने उदात्तीकरण होत नाही. ते बरंचसं नकळतच घडतं.

विनोदाचं काय? फ्रॉइडने १९२७ सालच्या विनोदावरच्या निबंधात एका कैद्याचा दाखला दिला आहे. सोमवारी फाशीला नेताना तो म्हणतो, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली. फाशी आहे हे त्याला पुरतं ठाऊक आहे, किंबहुना ते ठाऊक असल्यामुळेच वाक्यात गंमत आहे. आपला थोरलाही चहा पिताना म्हणू शकतो, “बाबांनी धाकट्याला घर दिलं, मला त्यांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ करून दिल्या.” सगळे हसतात, भाऊही हसतो, आणि अन्याय झाला हे सगळ्यांसमोर बोलूनही झालं. याउलट, “या मालक, भाडं कधीपासून सुरू?” हा टोमणा. त्यावर भावजयीचा चेहरा पडतो. व्हेलंटच्या लेखी हा प्रौढ विनोद नव्हे. रागाचं ओझं इथे दुसऱ्याच्या गळ्यात पडलं आहे.

या उतरंडीला मर्यादा आहेत. तो अभ्यास फक्त पुरुषांचा, तोही एका श्रीमंत विद्यापीठातल्या. शिवाय वेळ कोणती, हेही पाहावं लागतं. हृदयविकाराचा झटका आल्यावर अतिदक्षता विभागातल्या पहिल्या काही दिवसांत ‘मला काही झालेलं नाही’ ही समजूत भीती आटोक्यात ठेवू शकते. तीच समजूत छातीत कळ आल्यावर घरी बसवून ठेवते आणि जीव घेते. घरी परतल्यावर गोळ्या बंद करायला लावते. म्हणून अनुभवी डॉक्टर पहिल्या रात्री रुग्णाशी वाद घालत बसत नाहीत. गोळ्यांचा विषय मात्र घरी सोडण्यापूर्वी काढतात.

(पुढील भागात : जाणूनबुजून बाजूला ठेवणं आणि नकळत विसरणं)