ओल्या हातांसाठी कोणता हातमोजा?

सुरमईच्या तुकड्या पाडताना हात पाण्याने आणि चरबीने बुळबुळीत झालेले असतात. सुरीने कापताना धोका मासा धरणाऱ्या हाताला, म्हणून एका हातातला मोजा पुरतो. विळीवर मात्र पाते जागचे हलत नाही; दोन्ही हातच मासा घेऊन पात्याकडे जातात. तिथे जोडीच हवी.

बाजारातला करडा ‘अँटी-कट’ मोजा बहुधा एचपीपीई नावाच्या चिवट धाग्याने विणलेला असतो. त्यावर ईएन ३८८ या युरोपीय मानकाचे हातोड्याचे चिन्ह असेल, तर खालच्या आकड्यांनंतरचे अक्षर पाहावे. ‘ए’ सर्वांत कमी, ‘एफ’ सर्वांत जास्त. ‘सी’ म्हणजे सरळ पाते २० मिलिमीटर सरकताना मोजा कापायला किमान १० न्यूटन, साधारण एक किलो वजनाइतका, जोर लागतो. घरच्या विळीला एवढे बरे, अर्थात बेफिकिरीने रेटायचे नसेल तर. काट्यांचे गणित निराळे. मानकातली टोचण्याची चाचणी जाड टोच्याने होते. शिंगाळ्याचा किंवा गुलाबाचा बारीक काटा विणीच्या फटीतून सरळ आत शिरतो.

हा धागा कापापासून वाचवतो, पकड देत नाही. उलट नुसता विणलेला मोजा ओला झाला की निसरडा होतो. पकड येते तळव्यावरच्या लेपातून. पातळ पीयूचा लेप कोरड्या कामाला छान, बोटांना लहान स्क्रूसुद्धा नीट जाणवतो. पण ओल्यात तो घसरतो. सुरकुतलेल्या लेटेक्सच्या खाचांतून पाणी निघून जाते, त्यामुळे बागेतल्या ओल्या मातीत आणि भिजलेल्या कुंडीवर तो उत्तम. तेल-चरबीने मात्र लेटेक्स फुगून खराब होतो, काहींना त्याची ॲलर्जीही असते. मासळीला वाळूसारखा खरखरीत नायट्राइल बरा. गुळगुळीत नायट्राइल ओल्यात निराशा करतो, त्यामुळे पाकिटावर फक्त ‘नायट्राइल’ वाचून भुलू नये. मोजा अन्नाला चालतो की नाही, हे पेला-काट्याच्या चिन्हावरून कळते. लेप नसलेला मोजा आधीच घरात असेल, तर त्यावर वापरून टाकायचा नायट्राइल मोजा चढवावा. आतली वीणही कोरडी राहते.

मापाकडे फारसे कोणी पाहत नाही. अंगठा सोडून पंजाचा घेर मोजावा: सुमारे २० सेंटीमीटर भरला तर माप ८, २३ भरला तर ९. सैल मोज्यात बोटांच्या टोकांना पोकळी राहते आणि पात्यात आधी तीच सापडते. लेप चांगला असूनही मासा निसटतो, कारण हात मोज्याच्या आतच फिरत असतो.

वर्कशॉपमध्ये पत्रा किंवा काच उचलताना हेच मोजे कामाचे. फिरत्या ड्रिलजवळ मात्र ते काढून ठेवावेत. तिथे चिवट धागा तुटत नाही, बिटाभोवती गुंडाळत हाताला आत ओढतो.