अडकवून ठेवलेली ताकद

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे 'मेरी रोज' हे लढाऊ जहाज १५४५ मध्ये पोर्टस्मथजवळ बुडाले. शतकांनंतर समुद्रतळाच्या गाळातून त्यातली १७० हून अधिक लांब लाकडी धनुष्ये निघाली. त्यातले मोठे धनुष्य पूर्ण ओढायचे तर साधारण ७० किलोचा जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. याच्या शेजारी मध्ययुगातला पोलादी क्रॉसबो ठेवून पाहू. राल्फ पेन-गॅलवे या इंग्रज अभ्यासकाकडे असा एक जुना क्रॉसबो होता आणि त्याची ओढ सुमारे ५४० किलो होती. त्याने तो वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीवर नेला आणि त्यातून सोडलेला बाण पाणी ओलांडून चारशे मीटरहून लांब गेला.

७० कुठे आणि ५४० कुठे! क्रॉसबो जवळजवळ आठपट ताकदवान, असे कुणालाही वाटेल. तसे नसते, कारण नुसता जोर म्हणजे ऊर्जा नव्हे. तो जोर दोरीला किती अंतर मागे नेतो, हेही मोजावे लागते. ओढायला सुरुवात करताना जोर जवळजवळ शून्य असतो आणि शेवटी तो सर्वांत जास्त होतो. म्हणून ढोबळ हिशेबात शेवटच्या जोराचा निम्मा घ्यायचा आणि त्याला दोरीच्या प्रवासाने गुणायचे.

लांब धनुष्यात दोरी कानापर्यंत, म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटर मागे येते. हिशेब केला तर साठलेली ऊर्जा २०० ज्यूलच्या आसपास भरते. वीस किलोचे ओझे एक मीटर उचलायला लागते तेवढी. पोलादी क्रॉसबोचा कमान आखूड आणि जाड असतो. जास्त वाकवला तर तो मोडेल. त्यामुळे तिथे दोरीचा प्रवास जेमतेम १६ सेंटिमीटर. जोर प्रचंड, पण अंतर तोकडे. साठा येतो सुमारे ४२० ज्यूल, म्हणजे आठपट जोर लावून हाती दुप्पटच ऊर्जा.

तीही सगळी बाणाला मिळत नाही. दोरी सुटल्यावर कमानीची दोन्ही पाती पुढे झेपावतात आणि त्यांना वेग द्यायलाही ऊर्जा खर्च होते. लाकडी धनुष्याची पाती टोकाकडे निमुळती आणि हलकी असल्याने साठ्याचा साधारण दोन-तृतीयांश भाग बाणाला मिळतो. पोलादी पाती जड असतात. त्यांना हलवण्यातच बरीच ऊर्जा संपते आणि बाणापर्यंत निम्मीसुद्धा क्वचितच पोचते. म्हणून या दोन हत्यारांच्या बाणांच्या माऱ्यात कागदावर दिसतो तेवढा फरक प्रत्यक्षात नव्हता.

मग क्रॉसबो हवा होता कशाला? माझ्या मते त्याची खरी करामत जोरात नाहीच, ऊर्जा अडकवून ठेवण्यात आहे. धनुष्य ओढलेले असते तोवर सगळा भार तिरंदाजाच्या पाठीवर आणि खांद्यावर असतो. तो काही सेकंदांच्या वर थांबू शकत नाही, हात थरथरायला लागतात. शिवाय ७० किलोचे धनुष्य ओढायला लहानपणापासूनचा सराव लागायचा. क्रॉसबोत दोरी मागे आली की दस्त्यात बसवलेल्या एका गोल फिरकीच्या खाचेत अडकते. ही फिरकी जुन्या काळी बहुधा सांबरशिंगाची असे. तिच्या खालच्या खाचेत लांब चापाचे टोक रुतलेले असते आणि तेच तिला फिरू देत नाही. चाप दाबला की टोक निसटते, फिरकी गर्रकन फिरते आणि दोरी मोकळी होते. शेकडो किलोंचा ताण बोटाच्या थोड्याशा दाबाने सुटतो.

ताण भरायचे काम मात्र फुकट होत नाही. ५४० किलो कुणी हाताने ओढत नाही. त्यासाठी दांड्याचे रहाटयंत्र दस्त्याच्या मागे लावायचे आणि कप्प्यांवरून गेलेली दोरखंडे गुंडाळत राहायचे. हात कमी जोराने, पण कितीतरी जास्त अंतर फिरतात. तेवढ्या वेळात लांब धनुष्यवाला अनेक बाण सोडून मोकळा व्हायचा.

आजच्या क्रॉसबोत पोलादाऐवजी काचतंतूंची हलकी पाती आणि टोकांना चाके असतात. ओढ ७५ ते ९० किलो, दोरीचा प्रवास ३० ते ३८ सेंटिमीटर. चाकांमुळे जोर लवकर वाढतो आणि बराच वेळ वरच टिकतो, म्हणून तेवढ्याच ओढीत साठा अधिक होतो. २५ ग्रॅमच्या आसपासचा बाण यातून ताशी चारशे किलोमीटरच्या घरात वेग घेऊ शकतो. हे यंत्र ताणलेल्या अवस्थेत आपल्या हातात गप्प बसलेले असते, आणि हाताळणीचे बहुतेक नियम तिथूनच येतात.

पहिला नियम असा, की बाणाशिवाय चाप कधीही दाबायचा नाही. बाण ऊर्जा घेऊन निघून जातो. तो नसेल तर तीच ऊर्जा पात्यांत, दोरीत आणि चाकांत परत आदळते. पाती चिरफाळतात, दोरी तुटते आणि तुकडे कुठेही उडतात, तोंडावरसुद्धा. यात एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. बाण लावलेला आहे, पण त्याची शेपटी दोरीला टेकलेली नाही, मध्ये बोटभर फट आहे. हाही जवळजवळ रिकामाच बार. दोरी बाणाच्या वर किंवा खाली सरकू शकते. म्हणून बाण बसवल्यावर तो दोरीला भिडेपर्यंत मागे सरकवून पाहायचा. उत्पादकाने सांगितलेल्या वजनापेक्षा हलका बाण वापरला तरी पात्यांना तसाच मार बसतो. नव्या यंत्रांत बाण नसताना दोरी अडवणारा खटका असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

दुसरा धोका अंगठ्याचा. पुढचा हात दस्ता खालून धरतो आणि सवयीने अंगठा वर येतो. दोरी तिथूनच जाते आणि बोट तोडून नेण्याइतकी ताकद तिच्यात असते. बोटे नेहमी बाणाच्या पट्टीच्या खाली ठेवायची. पाती सुटताना बाजूला आणि पुढे झेपावतात, तेव्हा शेजारी फांदी, कठडा किंवा माणूस नाही ना, हेही पाहून घ्यायचे.

ताणताना पाय रिकिबीत घट्ट हवा आणि दोरी दोन्ही बाजूंनी सारखी मागे यायला हवी. एका बाजूला अर्धा सेंटिमीटर जास्त आली तरी बाण तिरका जातो. यासाठी दोन आकड्यांची साधी ताणदोरी मिळते. तिने बाजू सारख्या राहतात आणि लागणारा जोरही जवळपास निम्मा होतो. खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत दोरी सोडायची नाही, आणि दरवेळी ताणण्याआधी ती उसवलेली वा झिजलेली नाही हे पाहायचे.

ताणलेला क्रॉसबो बाण नसला तरी भरलेलाच समजायचा. तो घेऊन चालायचे नाही, चढायचे नाही, कुणाच्या हाती द्यायचा नाही. नेम धरेपर्यंत सुरक्षा खटका लावलेला आणि बोट चापापासून दूर हवे. निशाण्यामागे बाण थोपवणारा जाड अडसर नसेल तर बारच करायचा नाही. काम झाले की दोरी हाताने पुढे सोडायचा प्रयत्न बहुतेक यंत्रांवर जीवघेणा ठरतो. ज्या मोजक्या यंत्रांत रहाटाने ताण उतरवता येतो तिथे तो उत्पादकाच्या सूचनेप्रमाणेच उतरवायचा. बाकी ठिकाणी जुना जड बाण लावून तो जवळच्या निशाण्यात मारायचा. ताण तसाच ठेवून कुणी क्रॉसबो गाडीत टाकत असेल, तर त्या गाडीत बसू नका.