वीज गेली तरी राऊटर चालू

पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात आणि त्या दिवशी दुपारपर्यंत वीज नसते. घरून काम करणाऱ्यांची खरी अडचण मात्र एवढ्या मोठ्या खंडापेक्षा दिवसातून दोनदा क्षणभर जाणाऱ्या विजेनं होते. घरात इन्व्हर्टर असला तरी तो बॅटरीवर येताना निमिषभर पुरवठा तुटतो. पंखा ते सोसतो, पण राऊटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि इंटरनेट जोडलं जायला दोन-तीन मिनिटं जातात. सेट टॉप बॉक्सचीही तीच गत.

ही दोन्ही यंत्रं आतून बहुतेक १२ व्होल्टच्या डीसीवर चालतात. भिंतीतली २३० व्होल्टची एसी वीज उतरवून देण्याचं काम त्यांचा अडॅप्टर करतो. बाजारात ‘मिनी यूपीएस’ नावानं मिळणारी डबी अडॅप्टर आणि राऊटर यांच्यामध्ये बसते. तिच्यात लिथियम सेल असतात. वीज असताना ते चार्ज होतात, वीज गेली की तेच १२ व्होल्ट पुरवतात, आणि हा बदल राऊटरला जाणवत नाही.

खरेदी करताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्यानं फसगत होते. समजा, डबीवर ८,८०० एमएएच लिहिलंय आणि राऊटरच्या अडॅप्टरवर १ अँपिअर. वाटतं, जवळजवळ नऊ तास चालेल. पण तो आकडा सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो, राऊटरच्या १२ व्होल्टचा नव्हे. ८.८ गुणिले ३.७ म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास. व्होल्ट वाढवताना त्यातला सहावा हिस्सा उष्णतेत जातो, उरतात २७. फायबरचा राऊटर प्रत्यक्षात ७ वॉट खात असेल, तर ही डबी पावणेचार तास चालेल. तिलाच ९ वॉटचा सेट टॉप बॉक्स जोडला, तर एकूण १६ वॉट होतात आणि पावणेदोन तासांच्या आतच खेळ आटोपतो.

जोडण्याआधी दोन्ही अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत. ९ व्होल्टच्या राऊटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. पिनचा मधला भाग धन आहे ना, हे चिन्हावरून पाहा. पिनही नीट बसायला हवी, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पिनांचं आतलं छिद्र २.१ किंवा २.५ मिलिमीटरचं असतं आणि ढिली पिन हात लागला की राऊटर बंद पाडते.

अँपिअरची मात्र बेरीज करायची. राऊटर १ आणि बॉक्स दीड असेल, तर २ अँपिअरची डबी अपुरी पडते. एरवी चालेल, पण दोन्ही यंत्रं एकदम सुरू होताना ओढ वाढते आणि ती पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहतात. अशा वेळी ३ अँपिअरची डबी घ्यावी किंवा दोन वेगळ्या ठेवाव्यात. तसंच राऊटरचाच १ अँपिअरचा अडॅप्टर डबीला लावून भागत नाही. त्याला यंत्रं चालवून वर सेलही चार्ज करायचे असतात. चार्जिंगचा दिवा दिवसभरातही ‘पूर्ण’ दाखवत नसेल, तर अडॅप्टर कमी पडतोय असं समजावं.

सेट टॉप बॉक्सबाबत अपेक्षा बेताची ठेवावी. टीव्ही या डबीवर चालत नाही, त्याला इन्व्हर्टरच हवा. फायदा इतकाच, की टीव्ही पुन्हा लागताच चित्र येतं आणि लावून ठेवलेलं रेकॉर्डिंग तुटत नाही. डीटीएचला छतावरची तबकडी पुरते. केबलच्या जोडणीत मात्र गल्लीतल्या अ‍ॅम्प्लिफायरलाही वीज लागते.

हीच मर्यादा इंटरनेटलाही आहे. फायबर थेट घरात येत असेल, तर वाटेतल्या विभाजकांना वीज लागत नाही. सेवा देणाऱ्याच्या केंद्रात बॅटरी असली की झालं. पण जिन्यातल्या स्विचमधून लॅनची वायर येत असेल, तर तो स्विच बंद पडताच तुमचा राऊटर जागा असूनही नेट जातं. फायबरच्या राऊटरवर एलओएसचा लाल दिवा लागला, तर प्रकाश वरूनच येत नाहीये, डबीचा दोष नाही. फायबरचा डबा आणि वायफायचा राऊटर वेगवेगळे असतील, तर दोघांनाही बॅकअप हवा.

डबी राऊटरच्या पाठीवर ठेवू नका, उष्णतेनं सेल लवकर म्हातारे होतात. दर काही महिन्यांनी वीज असतानाच तिचा प्लग काढून घड्याळ लावा. पहिल्यापेक्षा निम्मा वेळही मिळेना, तर सेल संपत आलेत. आणि डबी फुगलेली दिसली, तर वेळ न मोजता ती काढून ई-कचऱ्यात द्या.