‘उ’ की ‘व’? शेजारी ठरवतो

‘कीव्हमध्ये’ म्हणताना युक्रेनी माणूस शेजारचा ध्वनी बघतो. ‘तो कीव्हमध्ये’ म्हणजे ‘विन उ कीयेवी’. पण ‘ती कीव्हमध्ये’ म्हणजे ‘वोना व कीयेवी’. ‘विन’ व्यंजनाने संपतो, म्हणून व्यंजनांची गर्दी टाळायला मध्ये ‘उ’ हा स्वर येतो. ‘वोना’ स्वरान्त असल्याने ‘व’ पुरतो. ‘आणि’चेही तसेच: ‘ब्रात इ सेस्त्रा’ म्हणजे भाऊ आणि बहीण; क्रम उलटला की ‘सेस्त्रा य् ब्रात’.

मात्र ल्विव्ह शहरापुढे, आधी स्वर असूनही, ‘वोना उ ल्वोवी’च म्हणतात, ‘व’ला ‘ल्व’ जोडणे जिभेला जड जाते. शब्दारंभीही हा बदल होतो: शिक्षक कधी ‘उचितेल’, कधी ‘वचितेल’. पण ‘व्प्रावा’ म्हणजे सराव आणि ‘उप्रावा’ म्हणजे प्रशासकीय मंडळ. तिथे अर्थच बदलतो, म्हणून अदलाबदल चालत नाही.