दीड टक्क्याचा भाव, शंभर टक्क्यांचा हिशेब

२४ जुलै २०२३ रोजी ‘वर्ल्डकॉइन’चा डब्ल्यूएलडी हा टोकन बाजारात आला. ‘ओपनएआय’चे प्रमुख सॅम ऑल्टमन या प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक, आणि डोळ्याची बुबुळं स्कॅन करणाऱ्या चकचकीत गोळ्यामुळे त्याची चर्चा आधीपासूनच होती. पहिल्या दिवशीचा चढउतार ओसरल्यावर भाव दोन डॉलरच्या आसपास स्थिरावला. क्रिप्टोचे भाव दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर त्याच्यापुढे दोन आकडे झळकत होते. एक होता मार्केट कॅपचा, वीस-पंचवीस कोटी डॉलरचा. दुसरा होता ‘फुली डायल्युटेड व्हॅल्युएशन’चा, म्हणजे एफडीव्हीचा, आणि तो दोन हजार कोटी डॉलरच्या वर होता. वस्तू एक, भाव एक, आणि दोन किमतींमध्ये जवळपास शंभर पटींचा फरक.

हिशेबात चूक कुठेच नव्हती. या टोकनचा एकूण पुरवठा १,००० कोटी ठरला होता. सुरुवातीला त्यातले जास्तीत जास्त १४.३ कोटी, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी टोकन बाजारात फिरू शकणार होते. बाकीचे एकतर पुढे वापरकर्त्यांना वाटायचे होते, नाहीतर प्रकल्पाची चमू आणि गुंतवणूकदार यांच्या नावावर कुलूपबंद होते. क्रिप्टोच्या जगात मार्केट कॅप काढताना फिरत्या टोकनांना भावाने गुणतात आणि लॉक असलेले टोकन वगळतात. सगळेच्या सगळे धरले की एफडीव्ही मिळतो.

शेअर बाजाराची सवय असलेला माणूस इथेच फसतो. कंपनीचं बाजारमूल्य काढताना आपल्याकडे प्रवर्तकांच्या हातातले शेअरही मोजले जातात, त्यामुळे बाजारमूल्य म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत हे गणित डोक्यात पक्कं असतं. शिवाय नोंदणीकृत कंपनीचे किमान २५ टक्के शेअर लोकांच्या हाती असावेत असा सेबीचा सर्वसाधारण नियम आहे. प्रवर्तकांकडे अडकलेल्या शेअरमुळे निर्देशांक वेडावाकडा होऊ नये म्हणून मुंबई शेअर बाजाराने २००३ सालीच सेन्सेक्स ‘फ्री फ्लोट’ पद्धतीने, म्हणजे खरोखर व्यवहारात असलेल्या शेअरनुसार मोजायला सुरुवात केली. टोकनच्या बाजारात अशी किमान अट घालणारं कुणी नाही. तिथे दीड टक्क्यावरही दुकान उघडता येतं.

आता भाव म्हणजे काय, ते पाहू. पडद्यावर दिसणारा भाव हा शेवटच्या सौद्याचा भाव असतो, बाकी काही नाही. गावाबाहेर डांबरी रस्त्याला लागून असलेला एक गुंठा कुणा गरजूने दहा लाखांना घेतला, म्हणून शिवारातल्या दोन हजार एकरांना तोच दर लावून गावाची किंमत काढावी, तसा एफडीव्हीचा प्रकार आहे. त्या दराने सगळी जमीन घेणारं गिऱ्हाईक कुठेच नसतं, आणि सगळी जमीन विकायला निघाली तर तो दर उरतही नाही.

डब्ल्यूएलडीचंच उदाहरण घेऊ. भाव २ डॉलरवरून २.१० डॉलरवर गेला, तर एफडीव्ही एका झटक्यात १०० कोटी डॉलरने वाढतो. पण भाव एवढा चढवायला १०० कोटी डॉलर कुणी आणावे लागत नाहीत. एक्स्चेंजच्या ऑर्डर बुकमध्ये २ ते २.१० डॉलरच्या दरम्यान विक्रीला लावलेले टोकन उचलले की झालं. समजा, तिथे पाच लाख टोकन लागलेले आहेत. मग साधारण दहा लाख डॉलरच्या खरेदीत कागदावरची किंमत १०० कोटींनी फुगली. विकणारे जितके कमी, तितका हा गुणक मोठा. लॉक टोकनांचे मालक विकूच शकत नसल्यामुळे पुरवठ्याची बाजू मुळातच पांगळी असते; मागणी थोडी वाढली तरी भाव उसळतो.

तशी उसळी २०२४च्या सुरुवातीला आलीच. फेब्रुवारीत ‘ओपनएआय’ने मजकुरावरून व्हिडिओ बनवणारं ‘सोरा’ दाखवलं आणि ऑल्टमन यांच्या नावाशी जोडलेला हा टोकन लोक धडाधड घेऊ लागले. या टोकनचा मालक ‘ओपनएआय’चा भागीदार होत नाही, पण बाजाराला तेवढी चौकशी करायला वेळ नव्हता. मार्चमध्ये भाव ११ डॉलरच्या वर गेला. १,००० कोटी टोकनांना तो भाव लावला की ११,००० कोटी डॉलर होतात. त्याच सुमारास खुद्द ‘ओपनएआय’ कंपनीचं मूल्यांकन ८,००० कोटी डॉलरच्या घरात असल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे कागदावर बुबुळांचा टोकन कंपनीपेक्षा महाग ठरला होता.

गंमत अशी, की ज्यांनी फक्त मार्केट कॅप पाहिली त्यांना हा टोकन अजून छोटाच वाटत होता. ‘याच्या पुढे असलेल्या अमक्या नाण्याची मार्केट कॅप एवढी, हा तिथवर पोचला तरी दहा पट होतील,’ हा क्रिप्टोच्या गप्पांमधला नेहमीचा हिशेब आहे. त्यात फिरत्या पुरवठ्याचा आकडा स्थिर राहील असं गृहीत धरलेलं असतं, आणि नेमका तोच स्थिर राहणार नसतो.

चमू आणि गुंतवणूकदार यांच्या वाट्याला एकूण पुरवठ्यातला सुमारे पाव हिस्सा होता. एक वर्ष पूर्ण बंदी आणि मग दोन वर्षं रोज थोडे थोडे टोकन मोकळे, असं वेळापत्रक होतं. कुलूप २४ जुलै २०२४ला उघडणार होतं आणि मूळ योजनेनुसार रोज सुमारे ३३ लाख टोकन सुटायचे होते. या वेगाने दीड महिन्याच्या आत सुरुवातीच्या संपूर्ण फिरत्या साठ्याएवढा माल नव्याने बाजारात येऊ शकला असता. हा माल ज्यांच्या हातात पडणार होता त्यातल्या अनेकांना तो फार स्वस्तात मिळालेला होता, त्यामुळे भाव निम्म्यावर आला तरी त्यांना फायदाच होता.

तारीख उजाडायच्या आधीच बाजाराने पाय मागे घेतला. जुलैपर्यंत भाव दोन-तीन डॉलरवर आला होता. यात नवल काही नाही. वेळापत्रक जाहीर असलं की चाणाक्ष लोक आधीच बाहेर पडतात, आणि लॉक टोकनांचे मालकही फ्युचर्समध्ये उलटा सौदा करून आजचा भाव पदरात पाडून घेऊ शकतात. कुलूप टोकनला लागतं, मालकाच्या डोक्याला नाही. शेवटी मुहूर्ताच्या आठवडाभर आधी प्रकल्पाने जाहीर केलं, की चमू आणि गुंतवणूकदारांच्या सुमारे ८० टक्के टोकनांची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षं केली आहे. रोजची सुटका ३३ लाखांवरून साधारण २० लाखांवर आली.

पुढचा भाग सगळ्यात बोलका आहे. २०२५च्या मध्याला डब्ल्यूएलडीचा भाव एका डॉलरच्या आसपास होता, म्हणजे पहिल्या दिवसांच्या निम्मा. पण तोवर फिरते टोकन दीडशे कोटींच्या वर गेले होते. परिणामी मार्केट कॅप दीडशे कोटी डॉलरपलीकडे, सुरुवातीच्या कितीतरी पट! ज्याने पहिल्या आठवड्यात टोकन घेऊन ठेवला त्याचे पैसे अर्धे झाले, आणि आलेखावर मार्केट कॅपची रेघ मात्र दिमाखात वर गेली. मार्केट कॅप वाढली म्हणजे धारकांची कमाई झाली, असं मानणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

एवढ्यावरही थांबता येत नाही, कारण ‘फिरता पुरवठा’ हा आकडाही तपासावा लागतो. तो बहुतेक वेळा प्रकल्पच संकेतस्थळांना कळवतो. वर्ल्डकॉइनच्या १४.३ कोटींपैकी वापरकर्त्यांसाठी होते फक्त ४.३ कोटी. उरलेले १० कोटी अमेरिकेबाहेर काम करणाऱ्या पाच मार्केट मेकर संस्थांना कर्जाऊ दिले होते. मार्केट मेकर म्हणजे खरेदी आणि विक्री या दोन्ही बाजूंना सतत ऑर्डर लावून बाजार चालता ठेवणारी संस्था. प्रकल्पाने हे उघडपणे सांगितलं होतं, आणि त्यात बेकायदा काही नव्हतं. पण ज्याला आपण लोकांच्या हातातला साठा समजत होतो, त्याचा दोन तृतीयांशाहून मोठा भाग अशा काही मोजक्या संस्थांकडे होता.

असे आकडे ताळेबंदात शिरले की काय होतं, ते २०२२ सालच्या नोव्हेंबरमध्ये दिसलं. एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडत असताना त्याने संभाव्य गुंतवणूकदारांना दाखवलेला ताळेबंद ‘फायनान्शियल टाइम्स’च्या हाती लागला. त्यात ‘सिरम’ नावाच्या टोकनची नोंद होती २२० कोटी डॉलर. हा टोकन एफटीएक्सच्याच वर्तुळातून निघालेला. त्याचाही पुरवठा १,००० कोटींचा, आणि बहुतांश टोकन काही वर्षांसाठी लॉक. त्या सुमारास बाजारात फिरत असलेल्या सगळ्या सिरमची मिळून किंमत या नोंदीच्या दहाव्या हिश्श्याएवढीही नव्हती. चिमुकल्या बाजारातला भाव घ्यायचा, आपल्याकडच्या अवाढव्य ढिगाला लावायचा आणि ती मालमत्ता म्हणून दाखवायची, असा हा मामला. ग्राहक खऱ्या डॉलरची मागणी करत आले तेव्हा त्या ढिगाचा काहीच उपयोग नव्हता. ११ नोव्हेंबरला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

ही एक-दोन टोकनांची गोष्ट नाही. बायनान्सच्या संशोधन विभागाने मे २०२४मध्ये काढलेल्या अहवालात २०२४ ते २०३० या काळात सुमारे १५,५०० कोटी डॉलरचे टोकन कुलपाबाहेर येतील असा अंदाज दिला होता. तो आकडाही त्या दिवशीच्या भावाने काढलेला, म्हणजे तोही याच दुखण्याने ग्रासलेला.

मग एफडीव्हीच खरा मानायचा का? तेही नाही. प्रकल्पाच्या खजिन्यातले काही टोकन कदाचित दहा-दहा वर्षं वाटलेच जाणार नाहीत. त्यांना आजचा भाव लावणं तितकंच पोकळ. बिटकॉइनच्या बाबतीत हा वाद फारसा उद्भवत नाही, कारण २.१ कोटींपैकी ९४ टक्क्यांहून जास्त नाणी निघून झाली आहेत आणि दोन्ही आकडे जवळजवळ आहेत. नव्या टोकनमध्ये मात्र आधी मार्केट कॅपला एफडीव्हीने भागून पाहणं बरं. उत्तर दहा टक्क्यांच्या आत आलं, तर पुढचा प्रश्न वेळापत्रकाचा: येत्या वर्षात किती टोकन सुटणार, कुणाच्या हातात जाणार आणि त्यांना ते कितीला पडले. त्यानंतर ऑर्डर बुक उघडायची आणि भाव दोन टक्के खाली ढकलायला किती डॉलरची विक्री पुरेल ते बघायचं. अनेक भावसूची हा आकडा ‘डेप्थ’ या नावाने देतात. कोट्यवधींची मार्केट कॅप मिरवणाऱ्या टोकनमागे तिथे काही हजार डॉलरच निघतात, असंही होतं.