मधल्या पोस्टचा आकडा

सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेचं इन्स्टाग्राम पेज मी सांभाळते. महिन्याला दहा-बारा पोस्ट पडतात. त्यात तालमीचे फोटो असतात, प्रयोगांच्या तारखा असतात, जुन्या कलाकारांच्या आठवणी असतात. दर महिन्याच्या एक तारखेला या पोस्टचा रिपोर्ट कार्यकारिणीतल्या सगळ्यांना ई-मेलने जातो. तो कोणी बसून लिहीत नाही. आकडे गूगल शीटमध्ये येऊन पडतात, शीट बेरीज-भागाकार करते आणि ठरलेल्या वाक्यात आकडे भरून मेल निघतो : 'प्रत्येक पोस्टचा सरासरी रीच इतका, मागच्या महिन्यापेक्षा इतके टक्के वाढ', नाहीतर 'घट'. रीच म्हणजे पोस्ट किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत पोहोचली तो आकडा. एकाच खात्यावरून तीनदा पाहिली गेली तरी ती एकदाच मोजतात.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तालीम रंगात आली असताना वीज गेली. आमच्या ज्येष्ठ नटांनी संवाद तोडला नाही. समोरच्यांनी मोबाइलचे दिवे लावले आणि त्या उजेडात त्यांनी प्रवेश शेवटपर्यंत नेला. कोणीतरी तो टिपला होता, मी तो पेजवर टाकला आणि एका लोकप्रिय अभिनेत्रीने तो स्वतःच्या स्टोरीवर शेअर केला. त्या महिन्यात आमच्या १२ पोस्ट होत्या. त्यांचा रीच चढत्या क्रमाने असा : ३८०, ३९०, ४१०, ४३०, ४५०, ४६०, ४७०, ५००, ५२०, ५४०, ६१० आणि त्या तालमीचा ४८,८४०.

एकूण बेरीज ५४,०००. भागिले बारा, सरासरी ४,५००. आधीच्या महिन्याची सरासरी ४५५ होती, त्यामुळे मेलमध्ये छापून आलं की रीच ८८९ टक्क्यांनी वाढला. भागाकार बिनचूक होता. पण वरची यादी पुन्हा पाहा. ४,५०० च्या जवळपास जाणारी एकही पोस्ट त्यात नाही. अकरा पोस्ट त्याच्या कितीतरी खाली आहेत आणि एक दहापटीहून वर. तो आकडा आमच्या कुठल्याच पोस्टचा नव्हता.

त्याचे परिणाम मात्र खरे झाले. गावातल्या एका व्यापाऱ्याने पेजवर जाहिरात देण्याआधी विचारलं, "एक पोस्ट किती लोक बघतात?" आमच्यातल्या एकाने मेल उघडून ४,५०० सांगितले. जाहिरात पडली आणि ५०० च्या आसपास थांबली. आपल्याला फसवलं असं त्या गृहस्थांना वाटलं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. त्यातच पुढच्या महिन्याचा मेल आला : सरासरी ५१०, म्हणजे ८९ टक्के घट. बैठकीत प्रश्न निघाला की आठवणींची मालिका लोकांना कंटाळवाणी होते आहे का, ती बंद करायची का. प्रत्यक्षात तो महिना आमचा तोवरचा सगळ्यात चांगला महिना होता.

हे रिपोर्ट पूर्वी हाताने होत असत, तेव्हा असं झालं नसतं. वहीत आकडे उतरवणाऱ्याची नजर त्या एका मोठ्या आकड्यावर अडलीच असती. आपोआप निघणाऱ्या रिपोर्टमध्ये अडणारी नजर नसते, म्हणून तिथे कोणतं माप घ्यायचं याला इतकं महत्त्व आहे.

ते माप शाळेत आपण सगळ्यांनी शिकलेलं आहे : मध्यक. आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि बरोब्बर मधला उचलायचा. आकडे सम असतील तर मधल्या दोघांची सरासरी घ्यायची. आमच्या बारांमध्ये सहावा ४६० आणि सातवा ४७०, म्हणून मध्यक ४६५. ती व्हायरल पोस्ट ४८ हजारांऐवजी ४८ लाखांवर गेली असती तरी मध्यक ४६५ च राहिला असता, कारण तो मधल्या जागेकडे बघतो, टोकाचा आकडा किती मोठा आहे त्याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. त्या तीन महिन्यांचे मध्यक ४५०, ४६५ आणि ५०५ आले. सरासरीने आधी उसळी आणि मग कोसळणं दाखवलं होतं, तिथे पेज हळूहळू वाढत होतं.

शीटमधला बदल एका ओळीचा आहे. A स्तंभात तारीख, B मध्ये पोस्टचा प्रकार, C मध्ये रीच, आणि F1, F2 मध्ये या आणि पुढच्या महिन्याची पहिली तारीख असेल तर :

```
=MEDIAN(FILTER(C2:C, A2:A>=F1, A2:A<F2))
```

एक काळजी घ्या. रिकामा चौकोन MEDIAN सोडून देतं, पण शून्य मोजतं. एखाद्या पोस्टचा आकडा आलाच नाही आणि तिथे ० भरला गेला, तर मध्यक विनाकारण खाली सरकतो.

सरासरी मी काढून टाकलेली नाही. तिला मध्यकाने भागते. साध्या महिन्यात हे उत्तर एकाच्या आसपास येतं. आमच्या आधीच्या महिन्यात १.०१ होतं. व्हायरल महिन्यात ४,५०० भागिले ४६५, म्हणजे जवळजवळ ९.७ आलं. उत्तर दोनच्या वर गेलं की मेलमध्ये आपोआप एक जादा ओळ येते : 'या महिन्यात एक पोस्ट इतरांपेक्षा फार पुढे गेली', आणि खाली तिचं नाव व रीच. ही ओळ मला अत्यावश्यक वाटते. नुसता मध्यक दिला तर ४८ हजार लोकांनी आमच्या नटांना पाहिलं ही गोष्टच रिपोर्टमधून गायब होते. दोनाची मर्यादा मी अनुभवाने ठरवली आहे. तुमच्या पेजला दीड किंवा तीन योग्य ठरेल.

मध्यकही चुकवू शकतो, आणि आम्हाला त्याने चुकवलं. फोटो आणि रील एकत्र मोजले तेव्हा. समजा सहा फोटोंचा रीच २५० ते ३५० आहे आणि सहा रीलचा १,४०० ते १,७००. मधले दोन आकडे ३५० आणि १,४००, म्हणून मध्यक ८७५, आणि पुन्हा त्या आकड्याची एकही पोस्ट नाही. पुढच्या महिन्यात सगळं तसंच ठेवून फक्त सगळ्यात कमी चाललेली एक रील कमी टाकली, तर अकरांमधला सहावा आकडा येतो ३५०. लोक तेवढेच बघत आहेत, पण रिपोर्ट म्हणतो साठ टक्के घट. म्हणून फोटोंचा मध्यक वेगळा काढायचा आणि रीलचा वेगळा. वरच्या FILTER मध्ये B2:B="Reel" ही अट घातली की काम होतं.

तिमाही रिपोर्ट करताना तीन महिन्यांच्या मध्यकांची सरासरीही काढू नका. ते तिमाहीचा मध्यक नसतो. तिन्ही महिन्यांच्या सगळ्या पोस्ट पुन्हा एका रांगेत लावाव्या लागतात, म्हणून मूळ आकडे पुसायचे नाहीत. आणि महिन्याला तीन-चारच पोस्ट पडत असतील तर मध्यकही डळमळतो. तिथे मध्यक काढण्यापेक्षा ते चारही आकडे सरळ लिहून द्यावेत.

त्या व्यापाऱ्यांकडे मी नंतर स्वतः गेले. बारा पोस्टची यादी त्यांच्यासमोर ठेवली आणि सांगितलं की साधारण पोस्ट ४६५ लोक बघतात, निम्म्या त्याच्या वर जातात, निम्म्या खाली. दिवाळीच्या प्रयोगाला त्यांनी पुन्हा जाहिरात दिली, आधीपेक्षा कमी दराने.